रिकाम्या बरण्या चालतील: पाच हजार फॉलोअर्सच्या एका आभाराच्या पोस्टची गोष्ट

माझी मावशी कोथरूडला डहाणूकर कॉलनीत राहते आणि घरून केक, नानखटाई करून विकते. मी छोट्या व्यावसायिकांसाठी मजकूर लिहिते. इन्स्टाग्रामवर तिचे पाच हजार फॉलोअर्स होत आले तेव्हा घरचीच म्हणून तिची आभाराची पोस्ट माझ्याकडे आली. दोन मसुदे फुकट गेले आणि तिसरा पोस्ट झाला. त्या तिन्ही मसुद्यांत काय होतं आणि पोस्ट टाकल्यावर काय घोळ झाला, हे सगळं मावशीच्या परवानगीनं इथे मांडते आहे. तिचं नाव मात्र लिहायचं नाही, अशी अट आहे.

आधी परिस्थिती सांगते. मावशीचं काम तीन वर्षांचं. दिवाळीत तिनं ओव्हनमधल्या नानखटाईचा एक छोटा व्हिडिओ टाकला. नवव्या मिनिटाच्या सुमाराला नानखटाईला वरून चिरा पडायला लागतात, तेवढंच त्यात होतं. ना संगीत, ना बोलणं. तो कुठल्या कुठे गेला आणि साडेतीन हजारांच्या आसपास रेंगाळणारी संख्या तीन आठवड्यांत पाच हजारांच्या दारात आली. मावशीला आनंद झालाच, पण ऑर्डरी मात्र जिथल्या तिथे होत्या. उलट दिवाळीनंतर सगळे गोडाला कंटाळलेले असतात, तशा त्या कमीच झाल्या होत्या.

याचं कारण इनसाइट्समध्ये स्पष्ट दिसत होतं. फॉलोअर्स कुठल्या शहरांतले आहेत ते तिथे कळतं. मावशीच्या यादीत पुणं पहिलं होतं खरं, पण निम्म्याहून कमी. नवीन आलेल्यांत मुंबई, नागपूर, सांगली अशी गावं होती. त्या गावांत तिचा केक पोचत नाही. बरेच जण स्वतःच घरून बेकिंग करणारे होते, म्हणजे कृती बघायला आलेले. याउलट जी माणसं महिन्या-दीड महिन्यानं केक नेतात त्यांची संख्या ऑर्डरच्या वहीत मोजली तर ती सव्वाशेच्या पुढे जात नव्हती, आणि त्यातले कित्येक इन्स्टाग्रामवर नाहीतच. ते थेट फोन करतात.

म्हणजे ज्यांच्यामुळे काम चालतं ती माणसं वेगळी आणि ज्यांच्यामुळे आकडा वाढला ती वेगळी. एकाच पोस्टमध्ये दोघांचे आभार मानायचे होते. शिवाय दिवाळीनंतर काम पुन्हा सुरू झालंय हे हळूच सांगायचं होतं. मावशीच्या शब्दांत: "आठवण करून दे गं, पण मागतेय असं वाटायला नको."

पहिला मसुदा माझ्या मावसभावाचा. तो हिंजवडीला नोकरी करतो आणि त्याला या गोष्टींचा उत्साह फार. त्यानं लिहिलं होतं ते असं:

"5000 चा टप्पा पार! हे फक्त आणि फक्त तुमच्या प्रेमामुळे शक्य झालं! हा तर ट्रेलर आहे, पिक्चर अजून बाकी आहे! या आनंदात सगळ्या केक्सवर 15% सूट, फक्त 2 दिवस! फॉलो करा, 3 मैत्रिणींना टॅग करा आणि जिंका एक हेल्दी, गिल्ट-फ्री गुळाचा केक!"

मावशीनं वाचलं आणि म्हणाली, "हे चौकातल्या फ्लेक्ससारखं झालंय. खाली शुभेच्छुक म्हणून माझा फोटो लावा."

तिचं बोलणं थट्टेचं होतं, पण नेमकं होतं. "तुमच्या प्रेमामुळे" हे वाक्य नगरसेवकापासून नवीन सलूनपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतं, त्यामुळे ते वाचलंच जात नाही. पण मला जास्त खटकली ती सूट, आणि तिचा हिशोब मी भावाला मांडून दाखवला. मावशीचा गूळ-खजुराचा अर्धा किलोचा केक 380 रुपयांना आहे. कणीक, तूप, दही, खजूर, गूळ, अक्रोड, खोकं आणि वीज मिळून तिला सुमारे 210 रुपये पडतात. उरतात 170, आणि तीच तिची मजुरी. 15 टक्के सूट म्हणजे 57 रुपये, आणि ते जातात या 170 मधून. म्हणजे मजुरीचा तिसरा हिस्सा गेला. बरं, सूट मिळणार कोणाला? नागपूरकरांना तिचा उपयोग नाही. गेल्या आठवड्यात ज्या काकूंनी पूर्ण पैसे देऊन दोन केक नेले, त्यांना वाटणार, चार दिवस थांबायला हवं होतं. जिचे आभार मानायचे तिलाच चुटपुट लावायची, हे काही खरं नाही.

टॅग करायला लावण्याचाही तोच प्रकार. त्यानं आकडा वाढतो, पण वाढतात ते बक्षिसासाठी आलेले, आणि निकाल लागला की बरेच निघून जातात. आणि "हेल्दी, गिल्ट-फ्री" हे शब्द मी जवळजवळ ओरडूनच काढायला लावले. गूळ ही शेवटी साखरच. एखाद्या मधुमेही आजोबांना कोणी त्या भरवशावर केक दिला तर ते पाप कोणाच्या माथी? गुळाचा आहे, कणकेचा आहे, बिनअंड्याचा आहे, तूप आणि अक्रोड आहेत, एवढं सांगावं. ही माहिती आहे आणि ज्याला अक्रोड चालत नाहीत त्याच्या उपयोगाची आहे.

दुसरा मसुदा मावशीनं स्वतः लिहिला, वहीच्या मागच्या पानावर. तो वाचताना मला गलबलून आलं आणि तरीही तो वापरायचा नाही हे लगेच कळलं.

"मी काही मोठी बेकर नाही. घरातल्या घरात चुकतमाकत शिकले. माझ्यासारख्या साध्या गृहिणीला तुम्ही सर्वांनी सांभाळून घेतलंत, याबद्दल आभारी आहे. काही कमीजास्त झालं असेल तर माफ करा. कोणाला केक हवा असल्यास सांगावे, जमेल तसा करून देईन. असाच लोभ असावा."

यातलं "असाच लोभ असावा" मला फार आवडतं, आजोबांच्या पत्रांतलं आहे. पण बाकीचं बघा. 380 रुपये देणाऱ्याला तुम्ही सांगताय की हा केक चुकतमाकत होतो. मावशीचा केक तसा होतच नाही. गुळामुळे वरून लवकर रंग चढतो म्हणून ती चाळिसाव्या मिनिटाला वर फॉइल टाकते. सोडा घातलेलं मिश्रण थांबवून चालत नाही म्हणून दर घाण्याचं वेगळं कालवते. पूर्ण गार झाल्याशिवाय केक खोक्यात घालत नाही, कारण कोमट केकची वाफ आत धरली की लवकर बुरशी येते. इतकं नीट काम करणारी बाई स्वतःला कमी लेखते तेव्हा ती नकळत वस्तूलाही कमी लेखत असते. शिवाय असं लिहिलं की वाचणाऱ्यावर ओझं येतं. "असं नका म्हणू हो, तुमचे केक किती छान असतात!" असं लिहिणं त्याला भाग पडतं. म्हणजे आभार मानायला आलो आणि कौतुक वसूल करून गेलो.

आणि "जमेल तसा करून देईन" यात दिवस नाही, दर नाही, कसा न्यायचा ते नाही. हे वाचून ज्याला केक हवा आहे तोही मेसेज करणार नाही. त्याला वाटेल, उगाच कशाला त्रास द्या त्यांना.

मावशीला हे सांगितल्यावर ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, "मग काय, मी फार भारी बेकर आहे असं लिहू?"

त्यावर माझ्याकडेही लगेच उत्तर नव्हतं. मी तिची ऑर्डरची वही मागितली.

हा तास सगळ्यात उपयोगाचा ठरला. आम्ही दोघी वही घेऊन बसलो. जे नाव तीनदा आलं त्यावर मी पेन्सिलीनं खूण करत होते आणि विचारत होते, "यांचं काय आठवतं?" केकबद्दल विचारलं असतं तर तिनं ऑर्डर सांगितली असती. माणसाबद्दल विचारलं म्हणून गोष्टी निघाल्या. एकीनं पहिल्याच वर्षी तळ करपलेला केक नेला होता आणि कुठेही न लिहिता फोन करून सांगितलं होतं. एका आजोबांनी तिला वजनकाटा तपासून दिला होता. आणि मग बरण्या निघाल्या.

मावशी नानखटाई काचेच्या बरणीत देते आणि बरणी परत मागते. मी तिला सहज विचारलं, "येतात का गं परत?" ती हसायलाच लागली. "येतात म्हणजे काय, भरून येतात!" आपल्याकडे कोणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. ओट्याखालच्या कपाटात तिनं बरण्यांतून आलेल्या चिठ्ठ्या ठेवल्या होत्या, रबर लावून. एकीवर फक्त "गोड थोडं कमी चालेल" एवढंच. त्या चिठ्ठीनंतर तिनं साखर कमी केली आणि ती आजवर तेवढीच आहे.

मी म्हटलं, "मावशी, तुझी पोस्ट सापडली."

मंगळवारी भावाचा मला फोन: आकडा 5,002 झाला, टाका लवकर. मी मावशीला फोन करून आकडा कळवला, पण भावाला थांबायला सांगितलं. दहा हजारांच्या आत प्रोफाइलवर पूर्ण आकडा दिसतो आणि तो असा काठावर असताना खाली-वर होत राहतो. त्याच रात्री तो 4,996 झाला. आभार मानून झाल्यावर कोणी प्रोफाइल उघडलं आणि पाच हजार नाहीतच असं दिसलं, तर ते हास्यास्पद होतं. आम्ही आठवडाभर थांबलो, 5,060 च्या पुढे गेल्यावर टाकलं. आभाराला मुहूर्त लागत नाही.

फोटोसाठी भावानं सोनेरी फुग्यांचा पाच आणि त्याच्यापुढे तीन शून्यं मागवायची तयारी केली होती. त्याऐवजी ओट्यावरच्या धुतलेल्या बरण्या पालथ्या घालून खिडकीच्या उजेडात फोटो काढला. एक बरणी सुलटी ठेवली, तिच्यात कढीपत्त्याची डहाळी. तो कढीपत्ता खराच त्या आठवड्यात आलेला होता. फोटोत केक नाही. यावर भाऊ अजून नाराज आहे.

आणि हा मजकूर. वाक्यं बहुतेक मावशीच्या तोंडची, मी मागेपुढे केली:

"गेल्या मंगळवारी इथली संख्या पाच हजारांच्या पुढे गेली. भाचीनं फोन करून सांगितलं तेव्हा मी बरण्या घासत होते.

या बरण्या तुमच्याकडून परत आलेल्या. तीन वर्षांपूर्वी नानखटाई काचेच्या बरणीत द्यायला लागले तेव्हा वाटलं होतं, निम्म्या तरी परत यायच्या नाहीत. आल्या. आणि रिकाम्या आल्या नाहीत. एकीत कढीपत्ता होता, एकीत लिंबाचं लोणचं, एकीत चिठ्ठी होती: 'गोड थोडं कमी चालेल.' त्या दिवसापासून साखर कमी केली, आजही तेवढीच घालते.

पहिल्या वर्षी एक केक तळाला करपलेला गेला होता. ज्यांच्याकडे गेला त्यांनी मला फोन करून सांगितलं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा केक नेला. त्यांना माहीत आहे मी कोणाबद्दल बोलतेय. आभार.

जे लांबून नुसतं बघायला येता, त्यांचेही आभार. तुमच्यापर्यंत बरणी पोचवता येत नाही, म्हणून नानखटाईची कृती पुढच्या फोटोत लिहून दिली आहे. माझ्या मापानं, साखर कमी केल्यानंतरची.

दिवाळीनंतर शनिवारचं काम पुन्हा सुरू झालंय. गूळ-खजुराचा केक (कणकेचा, बिनअंड्याचा, अक्रोड घातलेला, अर्धा किलो, 380 रुपये) दर शनिवारी बारा होतात. रविवारी सकाळी डहाणूकर कॉलनीतून नेता येतात. हवा असेल तर गुरुवारपर्यंत मेसेज करा.

ज्यांच्याकडे बरण्या राहिल्यात त्यांनी आणून द्या. रिकाम्या चालतील."

आता यातल्या दोन-तीन जागांबद्दल सांगते, कारण त्या सहज आल्यासारख्या दिसतात, पण त्यांवर वाद झाले होते.

सुरुवातीची दोन वाक्यं. इन्स्टाग्रामवर मजकुराची सुरुवात तेवढी दिसते, बाकीचं दडलेलं असतं. तिथे "मनःपूर्वक आभार" लिहिलं तर उघडून वाचायचं काही कारणच उरत नाही. आकडा लपवायचाही नव्हता, तो पहिल्याच वाक्यात आहे. पण दुसऱ्याच वाक्यात तो बरण्या घासणाऱ्या बाईच्या कानावर पडतो. मावशीचा नम्रपणा दाखवायला यापेक्षा जास्त काही करावं लागलं नाही. "मी साधी गृहिणी" असं एकदाही म्हटलेलं नाही.

विक्रीचा परिच्छेद. तो कुठे ठेवायचा यावर सगळ्यात जास्त चर्चा झाली. भावाला तो शेवटी हवा होता, "म्हणजे लोक मेसेज करतील". पण शेवटी ठेवला की आधीचं सगळं त्याच्यासाठीच रचलं होतं असं वाटतं. आजी गोड बोलून शेवटी दळण आणायला पाठवते तसं. आम्ही तो शेवटून दुसरा ठेवला आणि शेवट पुन्हा बरण्यांवर आणला. त्या परिच्छेदाची भाषा मुद्दाम पाटीसारखी ठेवली. पुणेरी पाटीतला खवचटपणा काढून टाकला की जे उरतं ते फार कामाचं असतं: काय आहे, किती आहे, कधी मिळेल, कुठे मिळेल. त्यात विनवणी नसते आणि घाईही नसते. "लवकर करा, मर्यादित साठा" असं न म्हणता "दर शनिवारी बारा होतात" म्हटलं. बारा हा आकडा ओव्हनमधून आला आहे. तिच्या ओव्हनमध्ये अर्ध्या किलोचे चार साचे बसतात, एका घाण्याला पन्नास मिनिटं लागतात आणि सकाळी ती तीन घाणे काढते. दुपारी वाढदिवसांचे केक असतात. गुरुवारही असाच आला: शुक्रवारी ती मंडईतून खजूर, अक्रोड आणते आणि रात्री खजूर भिजत घालते.

किंमत मजकुरातच लिहिली. पुष्कळ जणी किंमत लिहीत नाहीत, कोणी विचारलं की "मेसेज केला आहे" म्हणतात. ग्राहक म्हणून मला स्वतःला त्याचा वैताग येतो. किंमत विचारायला लागणं हाच एक संकोच असतो, आणि ज्याला परवडणार नाही त्याला उगाच नाही म्हणावं लागतं. पूर्ण पत्ता मात्र दिला नाही. कॉलनीचं नाव पुरे. घरात ती बहुतेक वेळा एकटी असते, इमारतीचं नाव ऑर्डर पक्की झाल्यावर सांगते. अन्न सुरक्षेच्या नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक प्रोफाइलवर आणि खोक्यावर आहेच, तो आभाराच्या मजकुरात कोंबला नाही.

ज्यांचे किस्से घेतले त्यांपैकी कोणाचंही नाव घेतलं नाही, कोणाला टॅग केलं नाही. करपलेल्या केकवाल्या ताईंना आधी फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, "नाव नका लिहू, पण लिहा."

पोस्ट मंगळवारी संध्याकाळी गेली. नानखटाईच्या व्हिडिओला जेवढी पसंती मिळाली होती त्याच्या पासंगालाही ही पोस्ट पुरली नाही. भावानं तसं दुसऱ्या दिवशी सकाळी कळवलंही. पण कृतीचा फोटो लोकांनी भरपूर जपून ठेवला, आणि गुरुवारी रात्रीपर्यंत 17 जणांनी केक मागितला. त्यातल्या 6 जणांनी याआधी कधीच काही घेतलं नव्हतं. ते दीड-दोन वर्षं नुसतं बघत होते. एकीनं लिहिलं होतं, "तुम्ही मोठ्या ऑर्डरीच घेता असं वाटायचं, एक केक मागायला कसंतरी वाटत होतं."

या एका वाक्यासाठी मी ही सगळी गोष्ट लिहायला घेतली. त्यांना काही पटवून द्यायचं नव्हतं, विचारायला संकोच वाटत होता एवढंच. मजकुरात अर्धा किलो, एक केक, रविवार सकाळ हे दिसल्याबरोबर तो गेला.

घोळ दोन झाले. पहिला लहान. किंमत लिहूनही "किंमत?" असं विचारणारे आलेच, कारण मजकूर पूर्ण उघडून वाचत नाहीत. मावशी पहिल्या दोघांना "वर लिहिलंय" असं उत्तर देणार होती. मी तिला थांबवलं. तिथे पाटीतला खवचटपणा परत आला असता. तिनं स्वतःच एक प्रतिक्रिया लिहिली, त्यात किंमत, दिवस आणि जागा, आणि ती सगळ्यांच्या वर अडकवून ठेवली. तशी सोय आहे, फार जणांना माहीत नसते.

दुसरा घोळ ओव्हनचा. बारा होतात असं लिहिलं होतं आणि मागणी आली सतराची. मावशीला नाही म्हणवेना. एकाला पुढच्या शनिवारी सांगून तिनं सोळा घेतले. पहिल्या दोन घाण्यांना खालच्या कप्प्यात आणखी दोन-दोन साचे सरकवले. वरचे नेहमीसारखे झाले. खालच्यांचा तळ लवकर लाल झाला, आणि वर साचे असल्यामुळे उष्णता नीट फिरली नाही. सुई काठाला घातली तर स्वच्छ आली, म्हणून तिनं बाहेर काढले. गार होताना खालच्या चारातले तीन मधोमध बसले. केक मधे बसला की बहुधा आत ओल राहिली आहे, हे समजून जायचं. सुई काठाला नाही, बरोबर मधे घालायला हवी होती, आणि हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण शनिवारी सकाळी सोळा केकांच्या घाईत हात काठाला गेला.

तीन केक घरी खाल्ले. शनिवारी संध्याकाळी तिनं तिघांना फोन केले, जे घडलं ते सांगितलं, पैसे परत देते म्हणाली. तिघांनीही पुढच्या शनिवारी चालेल म्हटलं. मग मजकुरातल्या त्या परिच्छेदाच्या शेवटी एक वाक्य घातलं: "या आणि पुढच्या शनिवारचे झाले, त्यापुढचे घेते आहे." पोस्टवर बारा लिहायचं आणि घरात सोळा करायचे, हे माझ्याही लक्षात यायला हवं होतं. लिहिताना मी तिला विचारलं नव्हतं की तेरावा आला तर काय सांगणार. ते वाक्य पोस्ट टाकायच्या आधीच ठरवून ठेवायचं असतं.

अशी पोस्ट प्रत्येकीला जमेल का, हे मला दोन मैत्रिणींनी विचारलं. त्यांच्याकडे बरण्या नाहीत. कोणाची तरी बरणी उसनी घेऊन लिहू नका, एवढंच मी म्हटलं. त्यातली एक वाघोलीला केक करते, खोक्यात देते, ते परत येत नाही. तिच्या वहीत बसल्यावर निघालं की एक आजोबा दर महिन्याच्या पाच तारखेला एकच कपकेक नेतात, आणि का ते तिनं कधी विचारलेलं नाही. मी म्हटलं, विचारू नकोस आणि लिहूही नकोस. ती गोष्ट त्यांची आहे. दुसरं काहीतरी शोध.

मावशीच्या पोस्टला एक तक्रारही आली, आणि ती अगदीच अपेक्षित नव्हती. शेजारच्या इमारतीतल्या काकूंनी लिहिलं: "कढीपत्ता आठवला, लोणचं आठवलं. आमच्या बरणीतला चिवडा मात्र विसरलात वाटतं." पुढे हसरा चेहरा होता, पण तेवढ्यावर विसंबून राहायची सोय नाही. थोड्यांची नावं-गावं आठवून आभार मानले की बाकीच्यांना ते लागतंच. मावशी अर्धा तास फोन हातात धरून बसली होती. "माफ करा" लिहावं तर विसरल्याचं कबूल केल्यासारखं, आणि ती खरोखरच विसरली नव्हती. शेवटी तिनं मला न विचारता लिहून टाकलं:

"विसरले कुठे, फोटो काढायच्या आधीच संपला. म्हणून तर तुमची बरणी फोटोत पालथी आहे."

रविवारी सकाळी काकू केक न्यायला आल्या तेव्हा त्यांच्या हातात बरणी होती. रिकामी नव्हती.